मी बदललेला पासवर्ड

पासवर्ड मी बदलला होता आणि मीच तो विसरलो होतो. आमच्या ऑफिसातल्या ताईंचा त्यात काहीही संबंध नव्हता. एवढं साधं वाक्य मला वेळेवर बोलता आलं असतं, तर हे लिहायची पाळी माझ्यावर आली नसती.

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या औद्योगिक इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. खाली स्टीलच्या जाळ्या बनवणारा. त्याचं ग्राइंडर सुरू झालं की आम्ही फोनवर बोलणं थांबवायचो. मालक माझा शाळेपासूनचा मित्र. पूर्वी आम्ही लग्नपत्रिका आणि दुकानांची हँडबिलं छापून देत असू. छपाई आटत गेली तसे आम्ही लोकांची सोशल मीडियावरची पानं चालवायला लागलो. लालबागच्या मसाल्याच्या दुकानाचं पान, परळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं, गिरगावातल्या मिठाईवाल्याचं, दादरच्या एका क्लासचं, शेजारच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचं, एका हौशी नाटक मंडळीचं. असे एकूण तेवीस ग्राहक, आणि प्रत्येकाची दोन-दोन, तीन-तीन खाती. त्यावर कामाला आम्ही दोघंच होतो, ताई आणि मी.

ताई माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान. छापखान्यात टाइपसेटिंग करायच्या, तिथून आमच्याकडे आलेल्या. सगळे पासवर्ड त्यांच्या एका लांबट, लाल पुठ्ठ्याच्या वहीत असायचे. कुठलं खातं कुठल्या ईमेलवर, कुठल्या फोन नंबरवर, त्या ग्राहकाचा वाढदिवस कधी, सगळं त्या वहीत. मला त्या वहीचा राग यायचा. मी इंटरनेटवर वाचलेलं होतं की असं कागदावर लिहून ठेवू नये. एकदा गिरगावच्या मिठाईवाल्याच्या पानावर कोणीतरी घुसून भलत्याच गॉगलच्या जाहिराती टाकल्या, तेव्हा मला कारण मिळालं. खरं तर त्याच्या मुलाने पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवला होता, त्यात वहीचा दोष नव्हता. पण मी मित्राला सांगितलं की आपण पासवर्ड मॅनेजर वापरू या.

ताईंना मी समजावलं तेव्हा माझा सूर मास्तरकीचा होता. "हे ॲप म्हणजे एक कुलूपबंद पेटी समजा. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड तेच बनवतं, तेच लक्षात ठेवतं. आपण फक्त पेटीचा पासवर्ड लक्षात ठेवायचा. मास्टर पासवर्ड."

"आणि तो विसरला तर?" ताईंनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"विसरायचा नाही."

"तसं नव्हे दादा. माणूस आहे, विसरतो. मग कंपनीला फोन केला की देतात?"

"कंपनीकडे नसतोच तो. म्हणून तर सुरक्षित."

"म्हणजे देवाला पण माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि मित्र मोठ्याने हसला.

मी नाही हसलो. मी ती लाल वही मागितली, सगळे पासवर्ड ॲपमध्ये चढवले आणि त्यांच्यासमोर पासवर्डांची पानं फाडून बादलीत टाकली. त्यांच्या अक्षरातली बारा-तेरा पानं. कोरी पानं उरलेली वही त्यांनी पिशवीत घातली.

खातं उघडताना ॲपने मला एक रिकव्हरी कोड दाखवला होता. हा छापून किंवा लिहून घरी जपून ठेवा, मास्टर पासवर्ड विसरलात तर हाच उपयोगी पडेल, असं स्वच्छ लिहिलं होतं. पण दहा मिनिटांपूर्वी मी दुसऱ्याची वही फाडली होती. आता मी कागद-पेन कसं घेणार? मी 'जपून ठेवला आहे' या चौकटीत खूण केली आणि पुढे गेलो. अडचणीच्या वेळी पेटी उघडायला एखादा विश्वासातला माणूस आधी नेमून ठेवा, असंही एक पान आलं. तेही मी 'नंतर' म्हणून टाळलं. आणि तिघांची तीन वेगळी खाती घेऊन एकाला प्रमुख करायच्या ऐवजी आम्ही तिघांत मिळून एकच खातं वापरलं. लहान ऑफिसांत असंच चालतं. एक लॉगिन, तिघांना पाठ. त्यामुळे एकजण अडकला तर दुसऱ्याने त्याला आत घ्यायचं, ही सोयच राहिली नाही.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. ॲप चांगलंच होतं, दोष त्याचा नव्हता.

मग ताईंनी नोकरी सोडायचं ठरवलं. दादरचा तो क्लास वाढत होता, त्यांना गणपतीनंतर पूर्ण वेळ माणूस हवा होता आणि त्यांनी ताईंना विचारलं होतं. मित्र भडकला. "आपलाच ग्राहक आपली बाई पळवतो काय रे!" जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी ताई गेल्या. जाताना माझ्या टेबलावर त्यांनी दोन पानांचं टिपण ठेवलं. कोणाच्या पोस्ट कुठवर आल्यात, मंडळाच्या मूर्तीचे फोटो कोण देणार, आणि खाली एक ओळ: "अकरा खाती माझ्या मोबाइल नंबरवर आहेत, नंबर बदलून घ्या." ते मी बदलून घेतले नाहीत. गणपती तोंडावर होते, नंतर बघू म्हटलं.

माणूस गेला की मास्टर पासवर्ड बदलायचा, ही पद्धत बरोबर आहे. शनिवारी दुपारी ऑफिसात एकटा असताना मी तो बदलला. नवा चांगला लांब ठेवला. आठवणीसाठी सूचना लिहायच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'नेहमीसारखा' असं लिहिलं. बदल झाल्यावर ॲप सगळीकडे लॉगआउट झालं. मी फोनवर एकदा तो टाइप केला आणि त्यानंतर अंगठ्याने उघडण्याची सोय सुरू केली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुन्हा लॉगिन करायचे कष्ट घेतले नाहीत. फोन उघडायचा, अंगठा लावायचा, बघून टाइप करायचं. तीन आठवडे मी मास्टर पासवर्ड एकदाही टाइप केला नाही.

गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस मिठाईवाल्याच्या फ्लेक्सचा नमुना कापताना कटर माझ्या उजव्या अंगठ्यावरून गेला. दोन टाके पडले, वर जाड पट्टी. फोन आकड्यांनी उघडत होता, पण ॲप अंगठा मागत होतं. अंगठा मिळेना म्हटल्यावर त्याने मास्टर पासवर्ड मागितला. मी टाइप केला. चुकीचा. पुन्हा केला. चुकीचा. मोठं अक्षर पहिलं की शेवटचं? मध्ये आकडा होता की नव्हता? सूचना उघडली, तर 'नेहमीसारखा'. मी तेव्हा जे केलं ते आजही आठवतं: ॲप काढून टाकलं आणि नव्याने टाकलं. टीव्ही बंद करून चालू करतात, तसं. नव्या ॲपला माझा अंगठा ओळखीचाच नव्हता. ते सुरुवातीपासून मास्टर पासवर्ड मागत बसलं.

मी कंपनीला गुपचूप ईमेल केली. उत्तर सभ्य होतं. तुमचा मास्टर पासवर्ड आम्हाला माहीत नसतो, म्हणून तो आम्ही सांगूही शकत नाही आणि बदलूनही देऊ शकत नाही. सूचना पाहा. कुठल्या यंत्रावर बोटाने किंवा चेहऱ्याने पेटी अजून उघडत असेल तर तिथून लॉगआउट होऊ नका, ॲप काढू नका, आत जाऊन महत्त्वाचं उतरवून घ्या. रिकव्हरी कोड असल्यास वापरा. आधी नेमलेला विश्वासू माणूस असल्यास त्याला सांगा. यातलं काहीच नसेल तर खातं पुसून नवं सुरू करणं एवढाच मार्ग आहे, जुन्या पेटीतलं परत मिळणार नाही.

यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांचा फोन आला, पाटपूजनाचा व्हिडिओ अजून पानावर का नाही म्हणून. मित्र माझ्या टेबलाशी आला.

"काय झालंय? टाक ना तो."

"ॲप उघडत नाहीये. मास्टर पासवर्ड घेत नाहीये."

"घेत नाहीये म्हणजे? कोणी बदलला?"

खाली ग्राइंडर चालू होतं. ते थांबेपर्यंत मला वेळ मिळाला, आणि त्या वेळात मी वाक्य बनवलं.

"ताईंकडेही होता ना पासवर्ड," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. जुना पासवर्ड त्यांच्याकडे होताच. बाकीचं मित्राने स्वतः जोडलं. "म्हणजे जाता जाता कुलूप बदलून गेली! आणि चाललीय आपल्याच क्लासमध्ये!" मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तो तावातावाने आत गेला आणि ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तेवीसच्या तेवीस जणांना, लिहून मोकळा झाला: "आमच्या माजी कर्मचारी मॅडमनी पासवर्ड बदलल्यामुळे पोस्टना उशीर होत आहे. क्षमस्व. कृपया त्यांच्याशी कोणताही व्यवहार करू नये."

मास्टर पासवर्ड बदलल्याची एक ईमेल ऑफिसच्या पत्त्यावर आलेली होती. तारीख ताई गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची, दुपारची वेळ, आणि बदल कुठून झाला तर आमच्याच कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरवरून. त्या संध्याकाळी मित्र घरी गेल्यावर मी ती शोधली आणि पुसली. मग पुसलेल्यांच्या फोल्डरमधूनही पुसली.

आता पेटी सोडून देऊन एकेक खातं नव्याने मिळवायचं होतं. प्रत्येक ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' वर दाबायचं. ज्यांना ऑफिसची ईमेल जोडलेली होती त्यांची लिंक तिथे यायची. ती ईमेल कॉम्प्युटरवर उघडीच होती, एवढं नशीब. पण अकरा खात्यांचे कोड ताईंच्या मोबाइलवर जात होते. मित्राने त्यांना फोन केला. "येऊन ओटीपी द्या, नाहीतर मी पोलिसात जातो," असं म्हणाला. मी समोर बसलो होतो.

ताई आल्या. दोन दिवस आल्या. माझ्या समोरच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन, फोनवर आलेले आकडे वाचत बसल्या.

"चार, सात, सात, शून्य, दोन, एक."

मित्र मधूनमधून दारात यायचा. "काय मॅडम, नवा पासवर्ड पाठ आहे की तोही विसरलात?"

"मला जुना पाठ आहे. सांगू? तो चालत नाही म्हणता ना, मग ज्याने बदलला त्याला विचारा."

"म्हणजे कोणाला?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मित्र हसला. "हा? हा स्वतःच्या बायकोला एटीएमचा पिन सांगत नाही. हा काय बदलणार आणि विसरणार!"

मी कीबोर्डवर बघत राहिलो. ताई म्हणाल्या, "पुढचं खातं कुठलं? मसालेवाल्यांचं का? लवकर करा, त्यांचा गणपतीचाच धंदा असतो."

दुसऱ्या दिवशी मित्र खाली चहाला गेला होता. ताईंची नजर माझ्या पट्टीवर गेली.

"दादा, ॲप तुम्ही बोटाने उघडायचात ना?"

"हो."

"मग अंगठा बरा होईपर्यंत थांबायचं होतं. चार दिवसांत उघडलं असतं. आत गेल्यावर एकेक बघून वहीत उतरवता आलं असतं सगळं."

"ॲप काढून टाकलं मी," मी म्हणालो.

त्यांना सगळं कळायला एवढं पुरेसं होतं. मग फोन वाजला, त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "नऊ, एक, तीन, तीन, आठ, सहा." मी ते आकडे टाइप केले. माफी मागायला एवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही, आणि तेव्हा मी ग्राहकाचं खातं उघडलं म्हणून सुटकेचा श्वास सोडला.

बहुतेक पानं परत मिळाली. नाटक मंडळींचं एक मिळालं नाही. त्याला पासवर्डखेरीज दुसरा कोड लागायचा, आणि तो देणारी सोयही मी सोपं पडावं म्हणून त्याच पेटीत ठेवली होती. त्यांच्या सगळ्या जुन्या प्रयोगांचे फोटो त्या पानावर होते. मंडळींनी आम्हाला सोडलं आणि शिव्या घातल्या त्या ताईंना.

दिवाळीनंतर दादरच्या क्लासचे सर ऑफिसात आले. बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या त्या मॅडमना आम्ही नाही घेतलं हो. काम चांगलं आहे त्यांचं, मला माहीत आहे. पण या कामात सगळ्यांच्या चाव्या हातात. ग्रुपवर ते वाचल्यावर रिस्क कशाला?" मित्र म्हणाला, "शहाणपण केलंत सर." सरांनी माझ्याकडे बघितलं, बहुधा मीही काही म्हणेन म्हणून. मी चहा मागवला.

एक गोष्ट कबूल करायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या महिन्यांत मी हळूहळू स्वतःच ती गोष्ट मानायला लागलो होतो. मला आठवतच नाही, म्हणजे कदाचित मी बदललाच नसेल. बदलला असेल तर माझ्यानंतर ताईंनीही बदलला असेल. ईमेल मी स्वतः पुसली होती, तरी ती कधी पाहिलीच नव्हती असं मनाशी घोळवत राहायचो. रात्री झोप चांगली लागायची.

डिसेंबरात एकदा मी भायखळ्याच्या भाजी मार्केटात मटार निवडत होतो. शेजारी एक बाई लिंबं मोजून घेत होती. आणि मला पासवर्ड आठवला. एकदम, अख्खा. त्या शनिवारी टेबलावरून जे जे दिसलं ते ओळीने घेतलं होतं मी: लिंबू, पंखा, जाळी, कॅलेंडर, सगळं इंग्रजी अक्षरांत, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि मध्ये आडव्या रेघा. डोक्यावर घरघरणारा पंखा, खिडकीची जाळी, दाराला बांधलेलं लिंबू-मिरची. कितीतरी वेळ मी मटाराच्या ढिगासमोर उभा होतो. भाजीवाला म्हणाला, "घेताय का काका, की नुसतं बघताय?" आता तो पासवर्ड लावायला पेटीच उरली नव्हती, ती मी ऑगस्टमध्येच पुसून टाकली होती. पण 'कदाचित' म्हणायलाही जागा उरली नाही.

ताई तिथून दहा मिनिटांवर राहतात. मटार न घेताच मी गेलो. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाची खोली. दार त्यांनीच उघडलं. हातात कुणाचा तरी टाइप करायला आणलेला प्रबंध होता. एका झेरॉक्सच्या दुकानासाठी त्या घरी टायपिंग करत होत्या.

"बसा म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "बोला."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शनिवार, अंगठा, काढून टाकलेलं ॲप, पुसलेली ईमेल, क्लासचे सर. सांगताना माझा आवाज रडवेला झाला आणि त्याची मला आणखीनच शरम वाटली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"माझी चूक झाली ताई."

"ते मला गणपतीच्या आधीपासून माहीत आहे. मला काय सांगायला आलात?"

त्यांनी हातातला प्रबंध मिटला.

"कोणाकोणाला सांगितलंत?"

"अजून कोणालाच नाही. म्हटलं, आधी तुमच्याकडे यावं."

"का? ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे आधी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी आई विचारते, तू काय चोरलंस त्यांचं? बाहत्तर वर्षांच्या बाईला मास्टर पासवर्ड काय ते मी कसं समजावू? ग्रुपवर माझ्यावर आळ घातलात, आणि मला तर त्यातून काढूनही टाकलंत. इथे दारात रडून तुम्हाला हलकं वाटेल. मला काय?"

शेजारच्या खोलीतली बाई बाहेर डोकावली. ताईंनी दार लावलं नाही. त्या आत जाऊन टायपिंगला बसल्या. उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

मी जिन्यात येऊन पायरीवर बसलो आणि फोन काढला. आधी मित्राला सांगावं, असं मनात आलं. पण मित्र म्हणाला असता, वेडा आहेस का, ग्राहक पळतील, मिटलंय ते मिटू दे. आणि मी ऐकलं असतं; मी स्वतःला ओळखतो. म्हणून मी त्याला फोन केला नाही. ग्रुप उघडला. वर मंडळाच्या सेक्रेटरीने टाकलेल्या सुप्रभातच्या दोन फुलांखाली मी लिहायला लागलो. तीनदा खोडलं. पहिल्यांदा 'गैरसमज' लिहिलं होतं, दुसऱ्यांदा 'तांत्रिक अडचण', तिसऱ्यांदा 'आमच्याकडून'. तिन्ही शब्द काढले. शेवटी जे पाठवलं ते असं:

"ऑगस्टमध्ये या ग्रुपवर आमच्या पूर्वीच्या सहकारी ताईंनी पासवर्ड बदलला असं लिहिलं गेलं. ते खोटं आहे. पासवर्ड त्या गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी बदलला आणि मीच विसरलो. तो विसरल्यावर परत मिळवायचा कोड मी लिहून ठेवला नव्हता. मालकांना वाटलं ताईंनी केलं, आणि मी ते वाटू दिलं. खरं दाखवणारी ईमेल मी पुसली. ज्यांची पानं बंद पडली, त्यांचं नुकसान माझ्यामुळे झालं. जी अकरा खाती ताईंच्या नंबरवर होती, ती ताई दोन दिवस स्वतः येऊन बसल्या म्हणून परत मिळाली. नाटक मंडळींचं पान गेलं तेही माझ्यामुळे. क्लासच्या सरांना सांगतो, तुम्ही ज्या कारणाने ताईंना नाकारलंत ते कारण माझं आहे, त्यांचं नाही. ताई या ग्रुपमध्ये नाहीत; हे मी त्यांना वेगळं पाठवतो आहे. ताई, मी तुमच्यावर खोटा आळ येऊ दिला आणि चार महिने गप्प राहिलो. मी तुमची माफी मागतो."